पक्षाची उमेदवारी नाकारताना: नकार पक्का, आभार मनापासून

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ आहे. नगरपरिषदेच्या निवडणुकीसाठी एका पक्षाचे शहराध्यक्ष दोन कार्यकर्त्यांना घेऊन परवा घरी आले होते. आमच्या प्रभागातली ‘ब’ जागा सर्वसाधारण महिलांसाठी सुटली आहे, तिथून तुम्हीच उभ्या राहा म्हणाले. ते वडिलांचे जुने स्नेही, मी त्यांना काका म्हणते. मला लढायचं नाही, पण त्यांनी दाखवलेला विश्वास मला खरंच मोलाचा वाटतो. त्या दिवशी ‘विचार करून सांगते’ म्हणाले. आता नाही कसं म्हणू, म्हणजे त्यांचा मान राहील आणि विषयही संपेल?

उत्तर:

निर्णय झाला असेल तर आज किंवा उद्याच सांगा. तुमच्या शब्दांपेक्षा तुम्ही कोणत्या दिवशी सांगता यावर काकांचा मान जास्त अवलंबून आहे.

त्याचं कारण पक्षाच्या आतल्या कामात आहे. आरक्षणाची सोडत निघाली की प्रत्येक जागेसाठी दोन-तीन नावं काढली जातात. इच्छुकांच्या मुलाखती होतात, शहराची यादी जिल्ह्याकडे जाते, तिथून मंजुरी येते आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत एबी फॉर्म हातात पडतात. तुमचा प्रभाग दोन जागांचा आहे, म्हणजे ‘अ’चा उमेदवार आणि ‘ब’ची उमेदवार एकत्र फिरणार, एकाच पत्रकावर छापले जाणार, आणि नगराध्यक्षपदाचा उमेदवारही त्यांच्याच जोरावर त्या प्रभागात मतं मागणार. ‘ब’मध्ये कोण आहे हे बघूनच ‘अ’चं नाव ठरतं. काकांनी तुमचं नाव वर कळवलं असेल, तर त्या जागेवर डोळा ठेवून काम करणाऱ्या एखाद्या कार्यकर्तीला त्यांनी ‘थोडं थांब’ असंही सांगितलं असणार. तुम्ही आज नाही म्हणालात तर ते तिला उद्या पुन्हा बोलावू शकतात. दहा दिवसांनी म्हणालात तर तोवर ती दुसऱ्या पक्षात गेलेली असते किंवा अपक्ष अर्ज भरायला निघालेली असते, आणि ‘तुमच्या डॉक्टरबाईंच्या नादात हक्काची जागा घालवलीत’ हे काकांना जिल्ह्याच्या बैठकीत ऐकून घ्यावं लागतं. संबंध बिघडतात ते बहुतेक अशाच ठिकाणी. स्वच्छ आणि वेळेत दिलेल्या नकाराचा राग फार दिवस टिकत नाही.

‘विचार करून सांगते’ या वाक्याबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्या दृष्टीने तो सभ्यपणा होता. इच्छुकांच्या गर्दीत रोज वावरणाऱ्या माणसाला ते अर्ध्या होकारासारखं ऐकू येतं, कारण ज्याला लढायचं नसतं तो जागच्या जागी हात जोडतो असा त्यांचा अनुभव असतो. त्यामुळे तुमच्याकडून निरोप येईपर्यंत काका थांबलेले असतील असं समजू नका. तुमचं नाव पुढे सरकत असेल.

आता सांगायचं कसं. ज्यांनी विचारलं त्यांनाच सगळ्यात आधी कळलं पाहिजे, आणि तेही तुमच्या तोंडून. त्याआधी फक्त घरात बोला. पती, सासू-सासरे आणि वडील या सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर हवं, कारण तुम्ही नाही म्हणालात की दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन जाणार हे जवळपास ठरलेलं असतं. वडील जर म्हणाले, ‘बघतो, समजावतो तिला,’ तर तुमचा नकार तिथेच संपला. त्यांना एवढंच सांगून ठेवा की त्यांनी म्हणावं, ‘निर्णय तिचा आहे आणि मला तो पटलेला आहे.’ क्लिनिकमधल्या सहकाऱ्यांशी, मैत्रिणींशी किंवा सोसायटीच्या ग्रुपवर यातलं काही बोलू नका. नकाराची बातमी काकांपर्यंत तिसऱ्याच माणसाकडून पोहोचली तर नंतर कितीही आभार मानले तरी ते कोरडे वाटतात.

काकांना फोन करून भेटायला जा, पण भेट ठरवतानाच गाभा सांगून टाका. नुसतं ‘भेटायचं होतं’ म्हणालात तर ते होकार समजतील आणि तुम्ही पोहोचाल तेव्हा चार कार्यकर्ते हार घेऊन तयार असतील. त्यांच्यासमोर नाही म्हणणं म्हणजे काकांना त्यांच्याच माणसांत खाली पाहायला लावणं. फोनवर असं म्हणता येईल: ‘काका, निवडणुकीचं मी ठरवलंय, मी उभी राहणार नाही. पण हे फोनवर सांगून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. तुम्ही एवढ्या आपुलकीने घरी आलात, म्हणून प्रत्यक्ष भेटून बोलायचंय. संध्याकाळी तुमच्या घरी येऊ का?’ पक्षाच्या कार्यालयात जाऊ नका, घरीच जा. शक्य तर पतींसोबत जा. पंधरा मिनिटं पुरेशी असतात. जास्त बसलात की गप्पांचं रूपांतर मनधरणीत होतं.

भेटीतला अवघड भाग म्हणजे ‘का?’ या प्रश्नाचं उत्तर. इथेच बहुतेक जण अडकतात, कारण ते सोयीचं कारण शोधतात. नकारासाठी जी कारणं सहज सुचतात त्या प्रत्येकावर पक्षाकडे तयार तोडगा असतो. ‘खर्च झेपणार नाही’ म्हणालात तर ‘खर्चाचं आम्ही बघतो’ असं उत्तर येतं. ‘वेळ नाही’ म्हणालात तर ‘तुम्ही फक्त शेवटचे आठ दिवस सकाळ-संध्याकाळ फिरा, बाकी कार्यकर्ते करतील.’ ‘राजकारणातलं कळत नाही’ म्हणालात तर ‘म्हणूनच तर तुमच्यासारखी माणसं हवीत.’ ‘घरचे तयार नाहीत’ म्हणालात तर ते घरच्यांना भेटायला येतात. ‘समोरचा उमेदवार फार भारी आहे’ हे तर अजिबात म्हणू नका, कारण त्यावर अर्धा तास आकडेमोड होईल आणि तुम्ही जिंकता हे सिद्ध करून दाखवलं जाईल. अशी अडचण सांगताना तुम्ही नकळत अटच घालत असता, आणि अट पुरी केली की त्यांना होकाराची अपेक्षा करायचा हक्क मिळतो.

म्हणून अडचण सांगू नका, निर्णय सांगा. आणि तो तुमच्या कामाच्या स्वरूपाशी जोडा, कारण ते कुणाला बदलता येत नाही. तुमच्या बाबतीत खरं आणि पुरेसं कारण हाताशीच आहे. तुमच्याकडे सगळ्या पक्षांच्या घरांतली मुलं येतात. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेलं बाळ घेऊन येणाऱ्या आईच्या मनात ‘या त्या पक्षाच्या डॉक्टर’ असा विचार येऊ नये, असं तुम्हाला वाटतं. हे काकांना समजेल. त्यावर तोडगा नाही, कारण चिन्ह घेतलं की ती ओळख चिकटणारच.

दुसरं एक खरं कारण असू शकतं, पण ते तुम्हाला मनापासून लागू असेल तरच सांगा. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला सदस्य सभागृहात पक्षादेशाने बांधलेला असतो. १९८६ च्या महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमानुसार पक्षादेशाविरुद्ध मतदान केलं किंवा स्वतःहून पक्ष सोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. प्रत्येक प्रश्नावर स्वतःचं मत ठरवायची सवय असलेल्या माणसाला हे बंधन नको वाटू शकतं. मात्र हे बोलताना तक्रारीचा सूर येता कामा नये. काकांनी आयुष्यभर हीच शिस्त पाळली आहे, आणि ‘मला ते जमणार नाही’ एवढंच म्हणणं पुरेसं आहे.

दोन्ही कारणं एकदम सांगू नका. एकच सांगा आणि तेच पुन्हा सांगा. कारणं वाढली की प्रत्येक कारण पोकळ वाटायला लागतं. समजा काका म्हणाले, ‘अगं, तो अमुक गावचा डॉक्टर नगरसेवक होता, त्याचं काही बिघडलं का?’ तर त्या डॉक्टरची चर्चा करू नका. ‘त्यांना जमलं असेल काका, माझं मन त्याला तयार नाही’ असं म्हणून थांबा. थांबणं जड जातं, पण तिथे गप्प बसता आलं पाहिजे.

‘या वेळी नको, पुढच्या वेळी बघू’ हे वाक्य मात्र कटाक्षाने टाळा. ऐकायला गोड असलं तरी त्याने तुमचं नाव यादीतून जात नाही, फक्त खाली सरकतं. पोटनिवडणूक लागली किंवा पुढच्या निवडणुकीची सोडत निघाली की तेच वाक्य तुम्हाला परत ऐकवलं जाईल, आणि तेव्हाचा नकार शब्द फिरवल्यासारखा दिसेल. पुढे कधी खरंच वाटलं तर तुम्ही स्वतः जाऊन सांगू शकता. आज ते आश्वासन द्यायची गरज नाही.

आता आभारांबद्दल. तुमचे आभार खरे आहेत, पण ‘माझ्यावर विश्वास दाखवलात त्याबद्दल धन्यवाद’ हे वाक्य इतकं वापरून झिजलं आहे की त्यातून काहीच पोहोचत नाही. आभार पोहोचतात ते नेमकेपणाने. काकांनी प्रत्यक्षात काय केलं ते आठवा. ते स्वतः घरी आले, तुम्हाला कार्यालयात बोलावलं नाही. पक्षात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या बायका असताना बाहेरच्या व्यक्तीचं नाव सुचवलं, म्हणजे स्वतःची पत पणाला लावली. आणि तुमच्या कामाची गावात काय ओळख आहे हे त्यांनी पाहिलं. या तीनपैकी जे तुम्हाला भिडलं असेल ते बोला. ‘काका, पक्षात एवढ्या जणी असताना तुम्ही माझं नाव घेतलंत, त्यासाठी तुम्हाला किती जणांना उत्तर द्यावं लागलं असेल याची मला कल्पना आहे. ते मी विसरणार नाही.’ एवढं वाक्य कोणत्याही लांबलचक आभारपत्रापेक्षा मोठं काम करतं, कारण त्यात त्यांची अडचण तुम्हाला दिसली हे त्यांना कळतं.

आभार आणि नकार यांच्या मध्ये ‘पण’ आला की ऐकणाऱ्याला आभार ही प्रस्तावना वाटते. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी निर्णय, मग एक कारण, आणि शेवटी सावकाश आभार. निघताना त्यांच्या मनात राहणारी गोष्ट आभारांची असते.

भेटीनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेखी पत्र द्या. काकांना ते वर दाखवायला उपयोगी पडतं. ‘मी विचारलं होतं, त्यांनी सन्मानाने नकार कळवला आहे’ असं त्यांना जिल्हाध्यक्षांना सांगता येतं. तुमच्या दृष्टीने पत्रावर तारीख असणं महत्त्वाचं. पत्र शहराध्यक्षांच्या नावे लिहा. काकांनी तुमचं नाव जिल्ह्याकडे पाठवलं आहे असं त्यांनी सांगितलं असेल, तर ‘प्रत माहितीसाठी: मा. जिल्हाध्यक्ष’ अशी ओळ घालायची का ते त्यांनाच विचारा. त्यांना न विचारता वर परस्पर प्रत पाठवू नका, ती त्यांना डावलल्यासारखी वाटेल. पत्र साधारण असं असावं:

“आदरणीय शहराध्यक्ष,

स. न. वि. वि.

नगरपरिषद निवडणुकीत आमच्या प्रभागातील ‘ब’ जागेवरून उमेदवारी घ्यावी, असा प्रस्ताव घेऊन आपण स्वतः आमच्या घरी आलात. काल प्रत्यक्ष भेटीत सांगितल्याप्रमाणे, ही निवडणूक न लढवण्याचा माझा निर्णय झाला आहे, तो या पत्राने कळवत आहे. या जागेसाठी माझ्या नावाचा विचार करू नये, ही विनंती.

माझ्याकडे उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांशी माझं नातं केवळ डॉक्टर म्हणून राहावं, अशी माझी इच्छा आहे. त्यामुळे मी कोणत्याही पक्षाची उमेदवारी स्वीकारणार नाही.

पक्षात अनेक वर्षं काम करणाऱ्या कार्यकर्त्या असताना आपण माझं नाव सुचवलंत आणि त्यासाठी घरी येण्याची तसदी घेतलीत, याची मला मनापासून जाण आहे. माझ्या कामाकडे आपण इतक्या आस्थेने पाहिलंत, याबद्दल मी आपली ऋणी आहे.

आपली,”

खाली सही, नाव, तारीख. एवढंच. हस्तलिखित चालेल, किंबहुना काकांसारख्या माणसाला ते जास्त आवडेल. एक छायाचित्र स्वतःकडे ठेवा.

या पत्रात काही शब्द मुद्दाम नाहीत. ‘पाठिंबा’ नाही, ‘सदैव सोबत आहे’ नाही, ‘पक्षाच्या विचारांशी मी सहमत आहे’ नाही. असं पत्र खाजगी राहील असं धरून चालू नका. निवडणुकीच्या दिवसांत कुणीतरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकतं, आणि ‘डॉक्टरांचा आपल्याला पाठिंबा’ अशी ओळ वर जोडली जाते. शुभेच्छा द्यायच्या असतील तर काकांना वैयक्तिक द्या, तोंडी द्या. उलट बाजूनेही सांभाळा. त्यांच्या भेटीत तुम्ही ऐकलेलं काही, म्हणजे आणखी कोणाची नावं चर्चेत होती, कोणत्या समाजाची किती मतं धरली होती, कोण नाराज आहे, हे पत्रातही नको आणि नंतर कुणाशी बोलण्यातही नको. ते तुम्हाला विश्वासाने सांगितलं होतं. त्यांच्या विश्वासाचं खरं उत्तर म्हणजे ते गुपित राखणं.

‘कोणत्याही पक्षाची’ हे शब्द मात्र मुद्दाम घातले आहेत. ते तुम्हाला मान्य असतील तरच ठेवा. आठ दिवसांनी दुसऱ्या पक्षाने विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, तर या पत्राचा अर्थ फसवणूक असा होईल. ते शब्द खरे असतील तर मात्र काकांसाठी ते सर्वांत मोठा दिलासा असतात, कारण नकार ऐकल्यावर त्यांच्या मनात पहिली शंका हीच येते की दुसऱ्या कुणाशी बोलणं झालं असावं.

नकारानंतर साधारणपणे तीन प्रस्ताव येतात, आणि त्यांची तयारी ठेवा. पहिला म्हणजे वरिष्ठांचा फोन किंवा दुसरी भेट. त्यांनाही तेच एक वाक्य सांगा, नवीन काही सांगू नका. ‘मी काकांना सविस्तर सांगितलं आहे, लेखीही दिलं आहे. आपण फोन केलात याबद्दल आभारी आहे, निर्णय तोच आहे.’

दुसरा प्रस्ताव स्वीकृत सदस्यत्वाचा. ‘निवडणूक नको ना, मग नंतर स्वीकृत म्हणून घेऊ.’ डॉक्टर, वकील, अभियंते यांना हे हमखास विचारलं जातं. स्वीकृत सदस्याला सभेत बोलता येतं, मतदान करता येत नाही, आणि त्या जागा सभागृहातल्या पक्षांच्या संख्याबळानुसार वाटल्या जातात. म्हणजे पक्षाची ओळख तिथेही चिकटतेच. तुमचं कारण तेच असेल तर उत्तरही तेच राहिलं पाहिजे. इथे ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणालात तर आधीचा नकार सौदा होता असा अर्थ निघेल.

तिसरा प्रस्ताव सर्वांत निरुपद्रवी वाटतो आणि सर्वांत जास्त त्रास देतो: ‘नुसता अर्ज भरून ठेवा, नंतर मागे घेऊ.’ पक्षांना हे हवं असतं कारण मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला तर चिन्ह वाया जाऊ नये म्हणून पर्यायी उमेदवार लागतो. त्यांची गरज खरी आहे. पण तुमच्या बाजूने काय होतं ते पाहा. अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं, त्यात तुमची आणि कुटुंबाची मालमत्ता, कर्जं, गुन्ह्यांची माहिती असते, आणि ते लोकांसाठी प्रसिद्ध होतं. मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झाला तर तुम्ही एका रात्रीत खऱ्या उमेदवार होता आणि तेव्हा माघार घेणं म्हणजे पक्षाला तोंडघशी पाडणं. माघारीची मुदत हुकली तर नाव मतदान यंत्रावर राहतं, मग तुम्ही प्रचाराला एक पाऊल टाका किंवा टाकू नका. आणि नाव राहिलं की निकालानंतर ३० दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, खर्च शून्य असला तरी. तो न दिल्यास राज्य निवडणूक आयोगाकडून अपात्रतेची कारवाई होऊ शकते. म्हणून याला उत्तर: ‘काका, त्यासाठी जिला खरंच लढायचंय अशीच कुणी हवी. उद्या वेळ आली आणि मी मागे सरले तर तुमचं जास्त नुकसान होईल.’ हे त्यांच्या हिताचंही आहे, त्यामुळे पटतं.

याला धरूनच कागदपत्रांचं बघा. तुमच्या सहीशिवाय आणि शपथपत्राशिवाय तुमच्या नावाचा अर्ज दाखल होऊ शकत नाही. तेव्हा कोऱ्या फॉर्मवर, ‘फक्त माहितीसाठी’ म्हणून आणलेल्या इच्छुकांच्या अर्जावर सही करू नका. मतदार यादीतला भाग आणि अनुक्रमांक, कर थकबाकी नसल्याचा दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो हे सगळं भल्या मनाने मागितलं जातं, कारण कार्यकर्ते आधीपासून फाईल तयार ठेवतात. परवाच्या भेटीत यातलं काही दिलं असेल तर पत्र देताना परत मागून घ्या: ‘ते कागद मला क्लिनिकच्या कामाला लागणार आहेत’ असं खोटं बोलायची गरज नाही, ‘आता लागणार नाहीत, तर घेऊन जाते’ एवढं पुरे. पक्षाच्या मुलाखतीला तर जाऊच नका. ‘नुसत्या येऊन बसा’ म्हटलं तरी तिथली उपस्थिती म्हणजे इच्छुक असल्याची नोंद.

आणि समजा कुणी हे वाचेपर्यंत अर्ज भरून झाला असेल, तर अजूनही वाट आहे, पण ती कागदाची आहे. छाननीनंतर उमेदवारी मागे घेण्याची मुदत निवडणूक कार्यक्रमात दिलेली असते, तारीख आणि वेळ दोन्ही. त्या वेळेच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे माघारीची लेखी सूचना दिली पाहिजे. शहराध्यक्षांना सांगितलं, व्हॉट्सॲपवर जाहीर केलं, वर्तमानपत्रात छापून आलं, यातल्या कशानेही माघार होत नाही. एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही, म्हणून पक्षाशी बोलणं त्याआधी पूर्ण करा. शेवटच्या दिवशी शेवटच्या तासात गर्दी असते, तेव्हा आदल्या दिवशी जा आणि पोच घ्या.

गावात बातमी फुटली असेल तर थोडं सांभाळावं लागेल. उत्साही कार्यकर्त्याने ‘भावी नगरसेविका’ असा फलक लावला असेल किंवा तुमच्या फोटोची पोस्ट फिरत असेल, तर ती काढायला काकांनाच सांगा, तुम्ही जाहीर खंडन करू नका. खंडनाने पक्षाची फजिती होते, आणि काकांनी एक फोन केला की फलक उतरतो. स्थानिक वार्ताहर विचारेल. त्याला एकच वाक्य द्या: ‘मी निवडणूक लढवत नाही. विचारणा झाली, त्याबद्दल आभारी आहे.’ कुणी विचारणा केली, काय म्हणाले, तुमच्या जागी कोण, यावर काही नाही. ‘कोण चांगली उमेदवार ठरेल?’ असं काकांनीही विचारलं तर नाव सुचवण्याचा मोह टाळा. ती निवडून आली किंवा पडली, दोन्ही वेळा तुमचं नाव त्यात येईल.

काही लोक नकाराची भरपाई म्हणून काहीतरी देऊ करतात: प्रचाराला एक दिवस येते, जाहीरनाम्यातला आरोग्याचा भाग लिहून देते, देणगी देते. माझ्या मते भरपाई म्हणून यातलं काहीही देऊ नये. आरोग्याच्या भागाबद्दल अपवाद करता येईल, पण एका अटीवर. शहरातल्या मुलांच्या लसीकरणाबद्दल, पाण्यामुळे होणाऱ्या जुलाबांबद्दल तुम्हाला जे दिसतं ते एका पानावर लिहा आणि जो पक्ष मागेल त्याला तेच पान द्या. काकांना हे आधीच सांगा, म्हणजे दुसऱ्याच्या हातात ते पान दिसल्यावर त्यांना वाईट वाटणार नाही.

यादी जाहीर झाली की काकांना एक फोन करा, किंवा भेट झाली तर थांबून बोला. निवडणुकीचा विषय काढू नका, त्यांच्या तब्येतीची, घरच्यांची चौकशी करा. त्या दिवसांत नकार दिलेली माणसं संकोचाने तोंड चुकवतात आणि त्यालाच लोक अढी समजतात. त्या जागेवर जिला उमेदवारी मिळाली ती मत मागायला क्लिनिकच्या दारात येईल तेव्हा तिला पाणी विचारा, तिचं पत्रक घ्या, आणि तिच्यानंतर दुसऱ्या पक्षाची येईल तिचंही घ्या.